मच्छरदाणीची जाळी आणि पोटातली जाळी

परवा ओळखीतल्या एका काकांचा फोन आला. बाजार समितीत हमाली करायचे, आता बसून असतात. म्हणे हार्नियाचं ऑपरेशन सांगितलंय, इस्टिमेटवर 'मेश' म्हणून वेगळी रक्कम लिहिलीय, ही काय भानगड आहे रे, आणि तुझ्या ओळखीतून स्वस्तात मिळेल का. मी १४ वर्षं सर्जिकल लाईनमध्ये आहे, हातमोज्यापासून टाक्याच्या दोऱ्यापर्यंत सगळं विकतो, त्यामुळे असे फोन नेहमीचेच. म्हटलं काका, ती जाळी असते, बारीक प्लॅस्टिकच्या धाग्याची. 'म्हणजे मच्छरदाणीसारखी?' असं म्हणून ते हसले.

मला हसू आलं नाही, कारण आपल्या धुळे जिल्ह्यात दोंडाईचाला डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर नावाच्या सर्जननी १९९० च्या दशकात नेमकी मच्छरदाणीचीच जाळी वापरून हार्नियाची ऑपरेशनं केली आहेत. चोरून नाही, नोंदी ठेवून, वेगवेगळ्या गावांतल्या सर्जनना सोबत घेऊन, आणि २००३ मध्ये ३५९ हार्नियांचा हिशोब छापून. आपल्याकडे स्वस्त काही दिसलं की लगेच 'देसी जुगाड' म्हणून व्हिडिओ फिरवतात ना, त्याची मला चीड आहे ती यामुळेच. हे जुगाड नव्हतं. महाग वस्तूतला कुठला भाग खरंच काम करतो आणि कुठला नुसता किंमत वाढवतो हे शोधायचा तो प्रकार होता.

आधी काकांना सांगितलं तेच सांगतो. जांघेत पोटाची भिंत कमजोर झाली की आतलं आतडं तिथून बाहेर डोकावतं. जुन्या पद्धतीत त्या भोकाच्या कडा ओढून एकमेकींना शिवायचे. काकांनी आयुष्यभर पोती उचललीत, त्यांना म्हटलं फाटलेलं पोतं कडा ओढून शिवलं तर काय होतं, तर लगेच म्हणाले टाक्याच्या बाजूला उसवतं. बरोब्बर तेच. ठिगळ लावलं तर ताण येत नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या लिक्टेन्स्टाइन यांनी ही ठिगळाची, म्हणजे बिनताणाची पद्धत रूढ केली आणि आज जगभर उघड्या ऑपरेशनात बहुतेक करून तीच चालते.

आता यातली गंमत अशी की शेवटी भिंत धरून ठेवते ती एकटी जाळी नाही. गिलावा करायच्या आधी भिंतीवर कोंबडीजाळी मारतात बघा, सिमेंट तिच्या भोकांतून आरपार जाऊन धरतं, तसं शरीर आपला चिवट तंतूंचा थर या जाळीच्या भोकांतून विणतं आणि मग ते सगळं मिळून पक्कं होतं. म्हणजे जाळीकडून काय हवंय, तर शरीराने तिच्याशी भांडू नये, धागा एकेरी असावा, भोकं मोठी असावीत आणि ताकद पुरेशी असावी. एवढंच. एकेरी धागा कशाला, तर पिळाच्या धाग्यात इतक्या बारीक फटी असतात की जंतू आत शिरून बसतात आणि त्यांना खाणाऱ्या आपल्या पेशी मोठ्या असल्यामुळे त्यांना तिथे शिरताच येत नाही. ताकदीचं म्हणाल तर पोटाच्या भिंतीला एक सेंटीमीटर रुंदीच्या पट्टीमागे साधारण १६ न्यूटन पुरतात असं मानतात, म्हणजे दीड किलोच्या आसपास वजन टांगल्यावर जेवढा ओढा बसेल तेवढा. जुन्या जाडजूड जाळ्या याच्या कितीतरी पट ताकदीच्या असायच्या. ती जादा ताकद पेशंटच्या काही कामाची नाही, उलट जास्त प्लॅस्टिक म्हणजे आत जास्त ताठरपणा.

साध्या मच्छरदाणीचं कापड बघा मग. टोणगावकरांनी घेतलेली जाळी पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिइथिलीनच्या मिश्रणाची होती, आणि कंपन्यांच्या मेश तर बहुतेक पॉलिप्रॉपिलीनच्याच असतात. धागा एकेरी, भोक मिलीमीटरच्या वर, वजनाला हलकी. म्हणजे पुढे 'लाइटवेट मेश' म्हणून जे जास्त भावाने विकलं गेलं त्याच्या जवळपासच.

हिशोब करून बघू, मला हिशोबाशिवाय करमत नाही. जांघेच्या हार्नियाला साधारण साडेसात बाय पंधरा सेंटीमीटरचा तुकडा लागतो. एक चौरस मीटर कापडात असे ८८ बसतात, काठाचं नुकसान धरून ८० म्हणा. कापड चौरस मीटरला ६० रुपये धरलं तरी तुकडा ७५ पैशांचा. मग त्याचं पाकीट, आत-बाहेर दुहेरी गुंडाळण, वाफ नीट लागली की रंग बदलणारी पट्टी, वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हचं वीज-पाणी, सिस्टरचा वेळ, हे सगळं मिळून मी अंदाजे ३०-४० रुपये धरतो. म्हणजे जाळीपेक्षा पाकीट महाग! खऱ्या धंद्यातही तसंच असतं. कंपनीच्या डब्यात प्लॅस्टिकचा खर्च किरकोळच. बाकी पैसा जातो तपासण्यांत, निर्जंतुक करण्यात, लायसन्समध्ये, आणि मग आमच्यासारख्यांच्या मार्जिनमध्ये. एमआरपी आणि हॉस्पिटलला पडणारा भाव यात किती अंतर असतं ते मी इथे लिहिलं तर उद्या माझा फोन वाजेल, तेव्हा ते राहू दे.

पण म्हणून उठून बाजारातून मच्छरदाणी आणून कापायची नाही. एकदा एका छोट्या हॉस्पिटलात डिलिव्हरीला गेलो होतो, तिथले डॉक्टर याच विषयाचे शौकीन. त्यांनी काचेच्या बाऊलमध्ये पाणी घेऊन दोन जाळ्यांचे तुकडे बोटाने दाबून बुडवले. दिसायला दोन्ही सारख्याच. बोट काढल्यावर एक वर आली, एक तळाला राहिली. वर आली ती पॉलिप्रॉपिलीन-पॉलिइथिलीनच्या घराण्यातली, पाण्यापेक्षा हलकी. बसली ती पॉलिस्टर, आणि मच्छरदाणीतलं पॉलिस्टर बरेचदा पिळाच्या धाग्याचं. मी लगेच शहाणपणा केला, म्हटलं म्हणजे तरंगली की चालली. डॉक्टर म्हणाले, 'अरे नाही! डासांचं औषध धाग्यातच मुरवलेल्या मच्छरदाण्या येतात, त्याही तरंगतात. त्या धुतल्या तरी औषध आतून परत वर येतं. तसली जाळी पोटात घालशील का तू?' सिस्टर मागून हसत होत्या, मी गप्प.

दुसरी अडचण उष्णतेची. ही जाळी ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशाला टिकते. बऱ्याच ठिकाणी घाईत १३४ अंशाची छोटी सायकल लावतात, त्यात ती आक्रसते, बिघडते. पाकीट उघडल्यावर तुकडा लहान झालेला, कडा वळलेल्या किंवा ताठ झालेल्या दिसल्या तर तो फेकायचाच, ओढून सरळ करून वापरायचा नाही. तसंच कापल्यावर कडेचे धागे सुटत असतील तर ती साधी विणलेली जाळी, ती नको, गाठी बसलेली लागते जी कुठेही कापली तरी उसवत नाही.

आता हे सगळं पाळलं तर खरंच चालतं का? युगांडात स्वीडिश आणि तिथल्या डॉक्टरांनी मिळून ३०२ पुरुषांवर रीतसर चाचणी घेतली, कुणाला कुठली जाळी हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून, पेशंटला न सांगता. २०१६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली ती. वर्षभरानंतर स्वस्त जाळीच्या गटात एकाला हार्निया परत झाला, महाग जाळीच्या गटात कुणालाच नाही. ऑपरेशननंतरच्या बारीकसारीक तक्रारी दोन्हीकडे ३० टक्क्यांच्या आसपास, सारख्याच. एक जाळी डॉलरभराची, दुसरी शंभर डॉलरच्या वरची. आणि ऑपरेशनं जागा बधिर करून केलेली, पूर्ण भूल न देता. माझ्या मते ही दुसरी बचत पहिलीइतकीच मोठी आहे, पण तिच्यावर कुणी रील बनवत नाही.

तरी माझी एक शंका आहे, ती ना टोणगावकरांच्या कामावर ना युगांडावर. मच्छरदाणीचा कारखाना मच्छरदाणी बनवतो, आज प्लॅस्टिकचा अमुक दाणा वापरला, उद्या स्वस्त मिळाला तर दुसरा वापरेल, रंग घालेल, वर कसली फिनिश मारेल, आणि तो कुणालाही कळवणार नाही, कळवायची त्याला गरजही नाही. चाचणी झाली ती त्या एका कापडाची, 'मच्छरदाणी' या शब्दाची नाही. म्हणून मला वाटतं खरा मार्ग मधला आहे, कुणीतरी तेच कापड ठरलेल्या दाण्याचं मोठ्या लॉटमध्ये बनवून घ्यावं, प्रत्येक लॉट तपासावा, पाकिटात निर्जंतुक करून नंबर टाकून विकावं. मग ती ७५ पैशांना नाही पडणार, काहीशे रुपयांना पडेल, पण काहीशेलाच पडेल. हे करायला कुणी शास्त्रज्ञ अडलेला नाहीये, अडलंय ते मार्जिन कमी म्हणून माझ्यासारखा डीलर तो डबा पुढे करत नाही इथे. खोटं कशाला बोलू, मीही महाग डबाच पुढे केलाय.

आणि उलटं उदाहरणही माझ्याकडे आहे. मागे एक स्वस्त हातमोजे आले होते, कुठल्या कंपनीचे ते जाऊ दे, बॉक्समागे बरेच पैसे वाचायचे. घालतानाच अंगठ्याजवळ फाटायचे, म्हणून स्टाफ एका कामाला दोन-दोन जोड्या घालायला लागला. महिन्याच्या शेवटी खर्च वाढलेला. तिथे बचत अशा ठिकाणी केली होती जिथे वस्तूचं कामच होतं.

अजून एक, पुण्याचे डॉ. मोहन देसर्डा. त्यांनी जाळीच काढून टाकली. पोटाच्या बाहेरच्या स्नायूचा जो पांढरा चिवट पडदा असतो त्याचीच एक पट्टी, दोन टोकांनी जोडलेली तशीच ठेवून, कमजोर जागेवर शिवायची. २००१ मध्ये त्यांनी ही पद्धत मांडली, पुढे पोलंडमध्ये २०८ पेशंटवर जाळीशी तुलना झाली तेव्हा तीन वर्षांनी हार्निया परत होण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच निघालं. मात्र पेशंटचा तो पडदाच पातळ, विरलेला असेल तर ही पद्धत बसत नाही, मग जाळी आलीच.

काकांना शेवटी एवढंच सांगितलं की डॉक्टरांना विचारा कुठली जाळी घालणार, साधी पॉलिप्रॉपिलीनची चालेल का, आणि डब्यावरचा स्टिकर केस पेपरला लावून घ्या, लॉट नंबर असतो त्यावर. जाळी किती महाग यापेक्षा ती जांघेच्या हाडावर दोनेक सेंटीमीटर पुढे जाईल अशी लावणारा हात महत्त्वाचा, तिथे आखूड पडली की हार्निया परत त्याच कडेने येतो. काका म्हणाले, 'म्हणजे मच्छरदाणी गादीखाली खोचतात तसं.' म्हटलं हो, अगदी तसंच.