दोन दिवसांत रील संपत नाही

"पोस्टचं आयुष्य ४८ तासांचं. त्यानंतर येतं ते किरकोळ, त्यानं निकाल बदलत नाही. सगळ्या पोस्टना सारखेच दोन दिवस दिले की तुलनाही सरळ होते."

इन्स्टाग्राम पोस्टचा प्रतिसाद दोनच दिवस मोजावा, असं तुम्ही म्हणता. पण आयुष्य कुठल्या पोस्टचं, ते आधी ठरवू. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरींचा कारखाना असलेल्या एका अण्णांचं इन्स्टाग्राम मी सांभाळतो. एकाच आठवड्यात आम्ही दोन गोष्टी टाकल्या. एक, नव्या मोरपंखी चादरीचा फोटो. दुसरी, जॅकार्ड मागावर नक्षी ओळीओळीनं कशी उमटत जाते त्याची छोटी रील, मागाच्या खडखडाटासकट. लाइक, कॉमेंट, सेव्ह आणि शेअर यांची बेरीज मी वहीत लिहीत गेलो. इथे काही आकडे गोल केलेत.

फोटोचे दुसऱ्या दिवसाअखेर ३६२ झाले, तिसऱ्या दिवशी ३८१ आणि तिसाव्या दिवशी ४००. म्हणजे दोन दिवसांत नव्वद टक्के काम झालं होतं. फोटोपुरता तुमचा नियम जवळपास खरा आहे. रीलचं मात्र असं: दुसऱ्या दिवशी २९०, सातव्या दिवशी ६४०, चौदाव्या दिवशी ८६०, एकविसाव्या दिवशी ९५०, तिसाव्या दिवशी १०००. दोन दिवसांत तिचे जेमतेम एकोणतीस टक्के आले होते. फोटो बहुतेक करून आपल्याच फॉलोअर्सना दिसतो, त्यांचा पाहून झाला की विषय संपतो. रील अनोळखी लोकांपुढे टप्प्याटप्प्यानं जाते. एका टप्प्यातल्या लोकांनी ती शेवटपर्यंत पाहिली तर पुढचा टप्पा मिळतो.

आता किरकोळचं. दुसऱ्या दिवशी वहीत फोटो ३६२, रील २९०. अण्णा म्हणाले, "रीलचा खटाटोप कशाला करता? फोटोच टाका की!" त्यांचं चूक नव्हतं, समोरचा आकडा तेच सांगत होता. महिन्याअखेरीस तोच निकाल ४०० विरुद्ध १००० असा उलटा झाला.

सारखे दिवस द्यावेत, हे मला मान्य आहे. पण तो दिवस दोन्हींची चढण संपल्यानंतरचा हवा. एकीची चढण संपलीय आणि दुसरी अजून घाटात आहे, अशा वेळी सारखे तास मोजून काय उपयोग?

मग थांबायचं किती? पोस्टखाली आपल्याला दिसतो तो आजवरचा एकूण आकडा, म्हणून रोजची नोंद आपणच ठेवायची. पुढच्या वीसेक पोस्ट घ्या. प्रत्येकीचा आकडा, ती टाकल्याच्या वेळेपासून दर चोवीस तासांनी, तीस दिवस लिहा. मग प्रत्येक दिवसाचा आकडा त्याच पोस्टच्या तिसाव्या दिवसाच्या आकड्यानं भागा. हा भागाकार आधी करायचा. आकड्यांची थेट सरासरी काढली तर एखादी उसळलेली रील सगळ्यांना आपल्यामागे ओढते. फोटो आणि रील वेगळे ठेवा आणि दहांतल्या नऊ पोस्टनी ९५ टक्के कोणत्या दिवशी ओलांडले ते पाहा. मधल्या पोस्टचा दिवस धरू नका, तसं केलं तर निम्म्या पोस्ट अर्ध्यातच मोजल्या जातील. आमच्याकडे फोटोंसाठी पाचवा दिवस निघाला, रीलसाठी तेविसावा.

तिसावा दिवस तरी शेवट आहे का, हे तपासायला सोपा हिशेब आहे. त्या रीलला दुसऱ्या आठवड्यात २२० मिळाले, तिसऱ्यात ९०. म्हणजे दर आठवड्याला साधारण ०.४१ पट उरतात. हीच घसरण पुढे चालली तर एकविसाव्या दिवसानंतर एकूण ९० × ०.४१ ÷ ०.५९, म्हणजे सुमारे ६२ येणं बाकी; ०.५९ हे १ मधून ०.४१ वजा करून आलं. पुढच्या नऊच दिवसांत ५० आले, हिशेबानं ४२च्या आसपास यायला हवे होते. म्हणजे शेपूट हिशेबापेक्षा जरा लांबच निघाली. हे गुणोत्तर ०.८-०.९ असेल तर मात्र तीस दिवसांना शेवट समजू नका, नोंद पुढे चालू ठेवा.

"तीन दिवस आकडा हलला नाही की बंद" हा उपायही लोक सुचवतात. रीलच्या बाबतीत तो फसतो, कारण दोन टप्प्यांच्या मधली शांतताही अगदी तशीच दिसते. पैसे देऊन बूस्ट केलेली पोस्ट तर या वहीत घेऊच नका. तिचा उतार बजेट संपल्यावर येतो, लोकांच्या उत्सुकतेशी त्याचा संबंध नसतो.

सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेच्या पोस्टना मी वेगळं पान ठेवलंय. नंदीध्वजांच्या मिरवणुकीची रील यात्रा उठली की लगेच थंडावते, तिला तेवीस दिवस कशाला द्यायचे? पण त्या पानावर अजून चारच पोस्ट आहेत. दहांतल्या नऊचा नियम चारांवर लागत नाही, म्हणून तूर्त तिथेही तेवीसच धरतो.