शिकवणीचा आवाज ‘नंतर ॲपमध्ये’ सुधारत नाही

«शिकवणीचा व्हिडिओ करताना माइकवर पैसे घालवू नका. फोन फळ्यासमोर स्टँडवर लावा, दारे-खिडक्या बंद करा आणि मोठ्याने बोला. आवाज कमी आला तर नंतर ॲपमध्ये वाढवा आणि नॉइज रिडक्शन शंभर टक्के करा. आवाज स्टुडिओसारखा येतो.»

गणित शिकवणाऱ्या माझ्या बहिणीने या संदेशाबरहुकूम अपूर्णांकांचे धडे रेकॉर्ड केले आणि ते ऐकून काही मुलांनी ‘साठ’च्या जागी वहीत ‘आठ’ लिहिले. हा सल्ला अजूनही पुढे पाठवला जात आहे, म्हणून त्यातली चूक सविस्तर सांगणे भाग आहे.

सर्वांत घातक भाग शेवटचा आहे. नॉइज रिडक्शन पंख्याच्या घरघरीसारखा एकसुरी आवाज ओळखून तो वजा करते. पण ‘स’, ‘श’, ‘फ’ ही अक्षरेसुद्धा मुळात हवेची सळसळच असतात आणि ती स्वरांपेक्षा बरीच क्षीण असतात. मात्रा पूर्ण वाढवली की ॲप खरखरीबरोबर हीही अक्षरे पुसून टाकते. ‘साठ’मधला ‘स’ गेला की उरतो तो ‘आठ’, आणि शेवटचा ‘ठ’ बोथट झाला की ‘साठ’ आणि ‘सात’ यांत फरक कळत नाही. गोष्ट ऐकताना संदर्भावरून शब्द भरून काढता येतो. गणितात आकड्याला तसा आधार नसतो. स्वर पाण्याखालून आल्यासारखे डुचमळू लागले, की मात्रा जास्त झाली असे समजावे. खोलीत घुमणारा आवाज तर या साधनाने जवळजवळ हटतच नाही, कारण तो बोलणाऱ्याच्याच आवाजाचा प्रतिध्वनी असतो.

मूळ दोष मात्र अंतराचा आहे. तोंड आणि माइक यांमधले अंतर दुप्पट झाले, की थेट पोहोचणारा आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो, पण पंख्याचा आवाज तिथल्या तिथेच राहतो. समजा, 25 सेंटिमीटरवर बहिणीचा आवाज पंख्यापेक्षा 30 डेसिबलने वर होता. फोन 2 मीटरवर नेला, म्हणजे अंतर तीनदा दुप्पट झाले. 18 डेसिबल गेले आणि उरले 12. प्रत्यक्ष खोलीत घट थोडी कमी भरते, कारण भिंतींवरून परतलेला आवाज त्यात मिसळतो. पण शब्दांना पुसट करणारा घुमारा म्हणतात तो हाच. वेबवरील सुगम्यतेसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या डब्ल्यूसीएजी 2.0 या 2008 च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये 1.4.7 हा निकष नेमका याच बाबतीत आहे: बोलण्यामागचा आवाज बोलण्यापेक्षा किमान 20 डेसिबलने कमी असावा. तो सर्वांत कडक श्रेणीतला आहे, सक्तीचा नाही, तरी ऐकणाऱ्याला काय लागते याचे ते चांगले माप आहे. आता 12 डेसिबलचे ते रेकॉर्डिंग ॲपमध्ये कितीही वाढवा. बोलणे आणि पंखा दोन्ही सारखेच वर जातात आणि फरक 12 चाच राहतो.

मोठ्याने बोलण्याने हा फरक थोडा सुधारतो, हे मान्य. पण तासभर तो आवाज टिकत नाही, आणि जवळच्या फोनवर ओरडले तर ध्वनिलहरींची टोके छाटली जातात. ती चिरक नंतर कशानेही दुरुस्त होत नाही. रेकॉर्डरमध्ये पातळी दिसत असेल, तर जोरातले शब्द उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या दरम्यान राहावेत.

बंद खोलीबद्दल एवढेच, की दारे बंद केल्याने बाहेरचा गोंगाट अडतो, घुमारा अडत नाही. एक टाळी वाजवून पाहा. मागे झणझणीत शेपूट ऐकू आली, तर पडदे, गादी, कपडे असलेली खोली निवडा.

आणि महागडा माइक लागत नाही, हे त्या संदेशातले एक वाक्य, नाइलाजाने का होईना, खरे म्हणावे लागेल. फळ्यावर शिकवताना चित्रासाठी फोन लांबच ठेवावा, पण आवाज दुसऱ्या फोनवर घ्यावा: तारेच्या इअरफोनचा माइक गळ्यापासून वीतभर खाली कपड्यावर चिमट्याने लावावा, तो ओढणीला किंवा कॉलरला घासणार नाही हे पाहावे, आणि दोन्ही फोन सुरू केल्यावर एक टाळी वाजवावी, म्हणजे संपादनात टाळीची दोन टोके जुळवून चित्र आणि आवाज एकत्र बसवता येतात. बसून शिकवत असाल, तर फोनच तोंडापासून वीतभर अंतरावर, श्वास थेट माइकवर येणार नाही असा थोडा बाजूला ठेवावा. बहुतेक फोनचा बोलण्याचा माइक खालच्या कडेला असतो. ती कड तोंडाकडे असावी आणि कव्हरने झाकलेली नसावी. पूर्ण धडा घेण्याआधी दहा सेकंद गप्प राहावे, मग ‘सात, आठ, साठ’ म्हणून ते इअरफोनवर कमी आवाजात ऐकावे. तिन्ही शब्द वेगळे ओळखू आले नाहीत, तर माइक आणखी जवळ घ्यावा.