‘सगळे रिपोर्ट नॉर्मल’ म्हटलं की निदान झालं का?

“मूल बुटकं आहे आणि सगळ्या टेस्ट नॉर्मल आल्या, तर तो इडिओपॅथिक शॉर्ट स्टेचर. ग्रोथ हॉर्मोनची इंजेक्शनं लगेच सुरू करा, १२-१५ सेंमी उंची सहज वाढते. थांबलात तर संधी गेली.”

मुलांच्या वाढीचे तक्ते रोज बघणारी डॉक्टर म्हणून सांगते, हा मेसेज वाचून आलेल्या पालकांना मी आधी एकच विचारते: ‘सगळ्या टेस्ट’ म्हणजे नेमक्या कोणत्या?

‘इडिओपॅथिक’ म्हणजे कारण सापडलं नाही. ते नीट शोधलं असेल तरच या शब्दाला अर्थ. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड पाहिलं म्हणजे शोध संपला असं होत नाही. बुटक्या मुलीचा कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी, केलेली नसेल तर टर्नर सिंड्रोम, म्हणजे एक एक्स गुणसूत्र पूर्ण किंवा अंशतः नसणं, निसटू शकतो, कारण काही मुलींमध्ये कमी उंची हेच त्याचं एकमेव ठळक लक्षण असतं. सिलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार, याचंही असंच. त्याची नेहमीची रक्ततपासणी आयजीए प्रकारची अँटिबॉडी शोधते. ज्या मुलाच्या रक्तात आयजीएच जवळजवळ नाही, त्याचा रिपोर्ट आजार असूनही निगेटिव्ह येतो. म्हणून एकूण आयजीए सोबत मोजावंच लागतं. आणि हात-पाय धडाच्या मानाने आखूड असतील तर हाडांच्या वाढीशी संबंधित शॉक्स जनुकातला दोष आठवायला हवा. त्यासाठी बसकी उंची आणि दोन्ही हातांचा पसारा टेपने मोजावा लागतो, नेहमीच्या रक्ततपासणीत हे प्रमाण दिसत नाही.

सगळ्यात मोठी तपासणी मात्र फुकटची आहे, ती म्हणजे वाढीचा वेग. भिंतीला टेकवलेल्या त्याच मापपट्टीवर सहा ते बारा महिन्यांच्या अंतराने दोन मोजण्या. चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत मूल साधारण वर्षाला ५-६ सेंमी वाढतं. वर्षाला ३ सेंमीच वाढणाऱ्या मुलाला, रिपोर्ट कितीही नॉर्मल असोत, मी इडिओपॅथिकचं लेबल लावणार नाही. तिथे कारण अजून लपलेलं आहे.

आता उपचार कुणाला? दहा वर्षांचे दोन मुलगे समजा. दोघांची उंची १२२ सेंमी, वेग ५ सेंमी, तपासण्या पूर्ण आणि ठीक. दोघांचे वडील १७२, आई १५८. मुलाची अपेक्षित उंची काढताना दोघांची बेरीज करून त्यात १३ मिळवायचे आणि निम्मे करायचे: १७१.५ सेंमी. डाव्या हाताच्या एक्स-रेवर हाडांचं वय, म्हणजे हाडं कोणत्या वयाइतकी पक्व झाली ते, पहिल्याचं साडेसात निघतं, दुसऱ्याचं दहा. पहिल्याकडे दुसऱ्यापेक्षा वाढीची अडीच वर्षं जास्त शिल्लक आहेत, त्याच्या मोठेपणीच्या उंचीचा अंदाज १७० च्या आसपास जातो. बहुधा त्याचे वडीलही उशिरा वयात आले असतील, जरूर विचारा. (हाडं फार मागे असतील तर हा अंदाज थोडा फुगतो, हे धरून चाला.) त्याला इंजेक्शनची गरज नाही, दर सहा महिन्यांनी मोजणीची आहे. दुसरा याच रेषेवर चालत राहिला तर १६० च्या खालीच थांबेल, घराण्याच्या उंचीपेक्षा खूपच खाली. चर्चा करायची ती या मुलासाठी.

अमेरिकेत २००३ साली या उपचाराला मान्यता मिळाली, तीही उंची सरासरीच्या २.२५ एसडी किंवा त्याहून खाली, म्हणजे समवयस्कांतल्या साधारण सगळ्यात बुटक्या एक टक्क्यात, असलेल्या आणि मोठेपणी सर्वसाधारण पट्ट्यात पोहोचण्याची शक्यता नसलेल्या मुलांसाठी. युरोपात या निदानासाठी मान्यताच नाही. फायदा किती? चार ते सात वर्षांच्या उपचारानंतर सरासरी ३.५ ते ७.५ सेंमी. काहींना जास्त, काहींना जवळपास शून्य. पाच वर्षं रोज रात्री म्हणजे अठराशेहून जास्त टोचण्या, आणि त्या मुलाच्या अंगावर. त्यामुळे त्याला स्वतःला उंचीचा खरोखर त्रास होतोय का, हे त्यालाच विचारायला हवं, आईवडील उत्तर देऊ लागले तरी.

‘संधी गेली’ यात अर्धं खरं आहे. ग्रोथ प्लेट, म्हणजे हाडांच्या टोकाजवळचा वाढणारा भाग, बंद झाल्यावर हॉर्मोन उंची वाढवू शकत नाही आणि वयात येण्याआधी सुरू केलेल्या मुलांना प्रतिसाद चांगला मिळतो. पण वयात न आलेल्या मुलाचे वेग मोजण्यात गेलेले सहा महिने वाया जात नाहीत. वयात येण्याची लक्षणं दिसू लागली असतील तर मात्र तज्ज्ञांकडे जायला उशीर करू नका.

आणि सुरू केलं म्हणजे चालूच ठेवायचं असंही नाही. पहिल्या वर्षी वेग जेमतेमच वाढला, तर आधी डोस आणि चुकलेल्या टोचण्या तपासाव्यात. ते ठीक असूनही फरक नसेल तर थांबण्याचा विचार करावा. दरम्यान सतत डोकं दुखणं, उलट्या, अंधुक दिसणं, किंवा मांडी-गुडघा दुखून लंगडणं यांपैकी काही झालं, तर पुढची टोचणी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा.