स्मरणपत्र नको, थेट पहिलं अपील करा

गेल्या वर्षी, २ ऑगस्ट २०२५ला सकाळी आमच्या मजल्यावरच्या काकू हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन आल्या. "अगं, अजून काहीच उत्तर नाही. आता तिसरं स्मरणपत्र लिहून दे." पिशवीत माहिती अधिकाराचा अर्ज होता. त्यावर १० जूनचा आवक शिक्का आणि आवक क्रमांक व्यवस्थित होता. त्याखाली १५ जुलै आणि २५ जुलैची दोन स्मरणपत्रं, तीही पोच घेतलेली.

काका डिसेंबरमध्ये गेले. राज्य सरकारच्या एका कार्यालयातून ते निवृत्त झाले होते. कुटुंब निवृत्तिवेतनासाठी काकूंनी जानेवारीत कागद दिले आणि त्यानंतर दर खेपेला एकच ऐकलं, "फाइल वर गेलीय." कार्यालयाचं नाव इथे देत नाही, कारण मला त्या कागदांबद्दलच बोलायचं आहे. अर्ज मात्र काकूंनी छान केला होता. माझी फाइल कोणत्या तारखेला कोणत्या टेबलावर गेली, आणि तिच्यावरच्या टिपणीची प्रत द्या, एवढंच मागितलं होतं. 'का अडकली' असा प्रश्न विचारला नव्हता. कागद मागितला की कागद द्यावा लागतो. 'का' विचारलं की टोलवायला जागा मिळते.

मी काकूंना स्मरणपत्र लिहून दिलं नाही. माहिती अधिकाराच्या कायद्यात स्मरणपत्र नावाचं काही नाहीच. ते दिल्याने घड्याळ थांबत नाही आणि नव्याने सुरूही होत नाही. अर्जाला उत्तर देण्याची जबाबदारी ज्याच्यावर असते त्या जन माहिती अधिकाऱ्याने ३० दिवसांत निर्णय दिला नाही, तर कलम ७(२) प्रमाणे विनंती नाकारली असं मानलं जातं. म्हणजे १० जुलैलाच काकूंना नकार मिळाला होता, फक्त तो कागदावर आला नव्हता. तिथून पहिल्या अपिलासाठी ३० दिवस, म्हणजे ९ ऑगस्ट. तो शनिवार होता, कार्यालय बंद. हाती शुक्रवारपर्यंतचाच वेळ होता. दोन स्मरणपत्रांच्या नादात काकूंचे तेवीस दिवस गेले होते. मुदत उलटली तरी सबळ कारण दाखवून उशीर माफ करून घेता येतो, पण आधीच थकलेल्या माणसाने ती विनवणी आणखी का करावी?

मग आम्ही पहिल्या अपिलाचा नमुना, म्हणजे जोडपत्र 'ब' भरायला बसलो. राज्याच्या कार्यालयात पहिल्या अपिलाला २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. (रेल्वेसारख्या केंद्राच्या कार्यालयात पहिल्या अपिलाला फी नाही.) अपील जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाने करायचं नसतं, त्याच कार्यालयातल्या त्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडे करायचं असतं. पाटीवर नाव सापडलं नाही तर 'प्रथम अपिलीय अधिकारी' एवढं पदनाम पुरतं.

काकूंना त्यात सगळं लिहायचं होतं. काकांची नोकरी, हेलपाटे, खिडकीवरचा तो माणूस कसा बोलला. मला त्यांचं दुःख कळत होतं, पण मी ते अपिलात घेऊ दिलं नाही. उत्तरच आलेलं नसताना कुणाचं म्हणणं खोडून काढायचं नसतं. तारखा बोलतात. आम्ही लिहिलेला मजकूर एवढाच होता:

"माझा अर्ज दि. १० जून २०२५ रोजी आपल्या कार्यालयास मिळाला (आवक शिक्क्याची प्रत सोबत). कलम ७(१) मधील ३० दिवसांची मुदत दि. १० जुलै रोजी संपली. आजपर्यंत माहिती, नकार किंवा शुल्काचे पत्र यांपैकी काहीही मिळालेले नाही. कलम ७(२) नुसार हा नकार मानून हे अपील करीत आहे. मागितलेली माहिती ठरावीक दिवसांत आणि कलम ७(६) नुसार विनामूल्य देण्याचा आदेश व्हावा."

यातलं 'शुल्काचे पत्र' हे शब्द मी मुद्दाम घातले, ते का ते पुढे येईल. दंडाची मागणी मात्र घातली नाही. रोजचे २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार, हा दंड लावायचा अधिकार माहिती आयोगाला आहे, पहिल्या अपिलीय अधिकाऱ्याला नाही. जे त्याच्या हातात नाही ते मागून त्याला कशाला बिथरवायचं? नवा प्रश्नही जोडला नाही. जे मूळ अर्जात नव्हतं ते अपिलात मागितलं की तेवढ्यावर बोट ठेवलं जातं. ४ ऑगस्टला अपील दिलं, आणि प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय काकू खिडकीवरून हलल्या नाहीत.

अपिलाचा निकाल ३० दिवसांत लागायला हवा. लेखी कारण नोंदवून जास्तीत जास्त ४५ दिवस. काकूंना २१ ऑगस्टची सुनावणी लागली. लालबागला गणपतीची धावपळ सुरू होती, आम्ही बस सोडून चालत स्टेशन गाठलं.

सुनावणीत जन माहिती अधिकाऱ्यांनी एक पत्र पुढे केलं. तारीख ७ जुलै. "२३ पानांचे ४६ रुपये भरा" असं त्यात होतं. म्हणजे त्यांचं म्हणणं, आम्ही मुदतीत कळवलं, बाईंनी पैसे भरले नाहीत. हे ऐकायला साधं वाटतं, पण इथेच माणसं हरतात. कायद्यात शुल्काचं पत्र पाठवल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस ३० मधून वगळले जातात. पत्र खरंच ७ जुलैला गेलं असतं, तर काकूंचं सगळं गणित कोसळलं असतं.

काकू घाबरल्या. मी विचारलं, "साहेब, जावक नोंदवही बघता येईल का?" पत्रावरची तारीख कुणीही टाकू शकतं. कार्यालयातून कागद बाहेर कधी पडला ते जावक क्रमांक सांगतो. अपिलीय अधिकारी भल्या बाई होत्या, त्यांनी वही मागवली आणि स्वतः पान उलटलं. नोंद ५ ऑगस्टची होती. अपील दाखल झालं त्याच्या दुसऱ्या दिवशीची. पत्र काकूंना मिळालंच नव्हतं. मिळालं असतं तर पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का हाच पुरावा होता. म्हणून सांगते, अशा पत्राचं पाकीट कधी फेकू नका. पत्रापेक्षा ते जास्त कामाचं असतं.

बाईंनी आदेश दिला. मुदतीत पत्र गेलेलं नाही, सात दिवसांत २३ पानं विनामूल्य द्या.

यदाकदाचित आदेश झालाच नसता, तर दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे, मुंबईत बृहन्मुंबई खंडपीठाकडे, ९० दिवसांत. तिथे नंबर लागायला फार वाट बघावी लागते, म्हणून मी पहिलं अपील इतकं जपून लिहायला सांगते. आयोगापुढेही हाच कागद उघडला जातो.

पानं आली. काकूंनी आणि मी जिन्यात बसून वाचली. सतराव्या पानावर मार्चमधला शेरा होता: सेवापुस्तकाच्या एका पानाची पडताळणी बाकी. सेवापुस्तक त्याच कार्यालयात, दुसऱ्या टेबलाच्या ताब्यात. त्या शेऱ्यापुढे एप्रिल, मे, जून, जुलै, एकही नोंद नाही. काकूंनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच पानाची प्रत जोडून कार्यालयप्रमुखांना पत्र दिलं. शिक्का घेतला.