'इत्यादी'चा हिशेब

मोठ्या परीक्षेच्या तयारीचा पहिला आठवडा बहुतेकांच्या घरी वेळापत्रक रंगवण्यात जातो. पहाटे पाचचा चौकोन हिरवा, गणिताचा निळा, आणि अभ्यासक्रम नेमका किती आहे याचा कोणालाच पत्ता नाही. माझं म्हणणं, रंगपेटी आठवडाभर कपाटात ठेवा. आधी परीक्षा घेणाऱ्यांनी छापलेला, चालू वर्षाचा अभ्यासक्रम आणि मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका शेजारी शेजारी मांडा. मित्राने पाठवलेल्या फाइलवर विसंबू नका, ती हमखास गेल्या खेपेची निघते.

अभ्यासक्रमातली एक ओळ घ्या : 'प्रकाश : परावर्तन, अपवर्तन, भिंगे इत्यादी.' दिसायला किती गरीब! पण तिचे तुकडे पाडायला बसलं की सपाट आरसा, गोलीय आरशांच्या किरणाकृती, आरशाचं सूत्र, अपवर्तनांक, भिंगांच्या किरणाकृती, भिंगाचं सूत्र असे सहा जण बाहेर येतात. 'इत्यादी'त कोण दडलंय ते जुन्या प्रश्नपत्रिका सांगतात. इथे आंतरिक परावर्तन सापडलं, म्हणजे सात. तुकडा एवढाच असावा की तो संपला की नाही हे दुसऱ्यालाही तपासता यावं. 'आरसे वाचणे' कधीच संपत नाही. 'आरशाच्या सूत्रावरची दहा गणितं पुस्तक मिटून सोडवणे' संपतं.

आता वेळ. अंदाज बांधताना माणूस स्वतःला फार हुशार समजतो, म्हणून मोजूनच पाहावं. एक सोपा, एक मधला, एक अवघड असे तीन तुकडे आठवड्यातच घड्याळ लावून पुरे करा. (तिन्ही आवडीचे निवडलेत तर ती मोजणी नव्हे, लाड झाले.) समजा, तिघांना मिळून तीन तास धरले होते आणि लागले पाच. आरशाच्या सूत्रानेच अडीच तास खाल्ले, कारण वाचन चाळीस मिनिटांत उरकलं, पण धन-ऋण चिन्हांच्या चुका शोधण्यात बाकीचा वेळ गेला. चुका शोधायचा वेळ अंदाजात कोणीच धरत नाही.

एकूण ९० तुकडे असतील तर तासाला एक हे स्वप्न सोडा, १५० तास लागणार. उजळणीला त्याच्या निम्मे, ७५. पंधरा सराव प्रश्नपत्रिका, सोडवायला तीन आणि तपासायला दोन तास, म्हणजे आणखी ७५. बेरीज ३००. हाताशी वीस आठवडे, आठवड्याचे सहा दिवस, रोज अडीच तास : तेही ३००! इथे लोक टाळी वाजवतात. अहो, यात एक साधी सर्दीसुद्धा बसत नाही.

निदान ५० तास मोकळे हवेत. एका तुकड्याला उजळणीसकट अडीच तास, म्हणजे वीस तुकडे कमी करणं आलं. पाच वर्षांत ज्यांच्यावर फारसं कोणी विचारलं नाही, ते आधी काढा. मात्र पुढचे धडे ज्यांच्यावर उभे आहेत, त्यांना हात लावू नका. काढलेले वीस 'वेळ उरला तर' या रकान्यात लिहा आणि रकाना जरा ऐसपैस आखा, दर महिन्याला त्यात नवे पाहुणे येतात.