‘माझं बोलणं शब्दन्‌शब्द मिनिट्समध्ये घ्या’: हा हक्क नाही

संस्थेच्या सभासदांना असा सल्ला दिला जातो: “सभेत सभासद जे बोलला ते जसंच्या तसं इतिवृत्तात लिहिणं सचिवावर बंधनकारक आहे. नाही म्हणाले तर समजा, काहीतरी दडवायचंय. पुढच्या सभेत असल्या इतिवृत्ताला मंजुरीच देऊ नका.”

बंधनकारक आहे? तुमच्या कायद्यात किंवा उपविधीत तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तर आहे, एरवी नाही. इतिवृत्तात सभेने काय केलं ते येतं; कोण काय बोललं ते सहसा येत नाही. हेन्री रॉबर्ट यांच्या, 1876 साली पहिल्यांदा छापलेल्या ‘रॉबर्ट्स रूल्स ऑफ ऑर्डर’ या सभानियमांच्या पुस्तकातही हाच दंडक आहे. शब्दन्‌शब्द लिहायचा तो ठराव, कारण उद्या अंमल त्याच शब्दांचा होणार असतो. भाषणातले नेमके शब्द टिपून ठेवायची वेळ येते ती मुख्यतः कोणी सभेत गैर बोललं आणि त्यावर कारवाई व्हायची असेल तेव्हा.

मात्र सचिवाने परस्पर “नाही लिहिणार” म्हणणंही तितकंच चूक. मी बरीच वर्षं सचिवाचं काम केलंय आणि सुरुवातीला हीच चूक केली. वाद माझ्यात आणि त्या सभासदात पेटला, मूळ विषय बाजूलाच राहिला. इतिवृत्त सभेचं असतं, सचिव फक्त लिहिणारा. म्हणून मागणी आली की अध्यक्षांनी एवढंच म्हणावं: “आपलं निवेदन इतिवृत्तात घ्यावं अशी सूचना मांडा. अनुमोदन मिळालं तर मताला टाकतो.” बहुमत मिळालं तर निवेदन जाईल, नाही मिळालं तर विषय तिथेच संपतो. दोन मिनिटांचं काम आहे.

नकार म्हणजे दडवणं? इथे मला त्या सभासदाची बाजू खरंच कळते. त्याला भीती असते की उद्या काम बिघडलं तर “तेव्हा कोणी बोललंच नाही” असं म्हणतील. ही भीती रास्त आहे आणि तिची सोय करणं आपलं कामच आहे. पण ती सोय भाषण उतरवून होत नाही.

छताच्या दुरुस्तीचा ठेका द्यायचा विषय घ्या. एक सभासद दहा मिनिटं विरोधात बोलतो. बोलता बोलता “या ठेकेदाराने मागच्या कामात पैसे खाल्ले” असंही म्हणून जातो आणि शेवटी “हे सगळं लिहा” म्हणतो. सगळं लिहिलं तर पुरावा नसलेला आरोप संस्थेच्या दप्तरात कायमचा बसतो. बदनामीचा दावा झाला तर त्या सभासदाबरोबर संस्थाही अडचणीत येऊ शकते. शिवाय बाजूने बोललेल्या चौघांचं काय? एकाचंच भाषण उतरवलं तर सभेचं चित्र एकांगी होतं, आणि पुढच्या वेळी ते चौघंही तीच मागणी करतात.

अध्यक्षांनी त्याला विचारावं, “आपला नेमका आक्षेप एका वाक्यात सांगाल का?” हा प्रश्न विचारला की बहुतेकदा खरा मुद्दा बाहेर येतो. इथे तो असा होता की करारात कामाची हमी लिहिलेलीच नाही. मग नोंद अशी होते:

“ठराव क्र. 4: छताच्या दुरुस्तीचे काम सर्वांत कमी दराच्या निविदाधारकास द्यावे. बाजूने 31, विरोधात 6. ठराव मंजूर. सभासद श्री. … यांनी विरोधी मत नावासह नोंदवण्याची विनंती केली. कारण: करारात कामाच्या हमीचे कलम नाही.”

ही नोंद लगेच, सभेतच वाचून दाखवावी आणि “बरोबर आहे ना?” असं त्याला विचारावं. उद्या छत गळलं तर शोधणाऱ्याला हे कारण क्षणात सापडेल. दहा मिनिटांच्या उताऱ्यात ते हरवलं असतं. तरीही त्याला सविस्तर हवं असेल तर त्याने स्वतः लेखी निवेदन सही करून द्यावं. ते परिशिष्ट म्हणून जोडायचं की नाही, हे सभा ठरवेल. माझा आग्रह असतो की निवेदन त्याच सभेत वाचलं जावं. घरी जाऊन लिहिलेल्या पत्रात न बोललेलेही मुद्दे शिरतात, आणि त्यांना उत्तर द्यायची संधी कोणालाच मिळालेली नसते.

मंजुरी रोखा? याने काही साधत नाही. मंजुरी म्हणजे नोंद बरोबर आहे एवढंच मान्य करणं. ती अडवली म्हणून ठराव रद्द होत नाही. दुरुस्ती जरूर मागा, पण ती नेमकी हवी: “विरोधात 6 नव्हे, 7 मतं होती,” किंवा “माझं कारण हमीचं होतं, दराचं लिहिलंय.” अशी दुरुस्ती सभेने मान्य केली की सचिवाने ती मूळ इतिवृत्तात करावी. “माझं भाषण गाळलं” ही मात्र चूक ठरत नाही, कारण ते घ्या असं त्या सभेने सांगितलेलंच नव्हतं.