दहा ओळींची दिवाळी

2024 च्या ऑक्टोबर महिन्यातील शेवटच्या सोमवारी जर्मनीतील स्टुटगार्टच्या आमच्या कचेरीत विभागप्रमुख बाईंनी मला बोलावून सांगितले की, विभागातील सर्वांना दिवाळीचा थोडक्यात परिचय करून देणारे एक शुभेच्छापत्र मी लिहावे, ते दहा ओळींचे असावे आणि गुरुवारी दुपारी बाराच्या आत प्रत्येकाला ईमेलने पोहोचावे, कारण शुक्रवारी सुटी आहे. मी आनंदाने होकार दिला. साताऱ्याच्या शाळेत ‘माझा आवडता सण’ हा निबंध मी तिसरीपासून आठवीपर्यंत दरवर्षी लिहिलेला होता, त्यामुळे अनुभव दांडगा होता. मात्र त्या सहा वर्षांत एकाही गुरुजींनी ‘म्हणजे नेमके काय?’ असे समासात लिहिले नव्हते, ही गोष्ट माझ्या लक्षात आली नाही.

जर्मन व्याकरणाच्या चुका निघू नयेत म्हणून मी पहिला मसुदा शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्यांना दाखवला. हे गृहस्थ निवृत्तीला आलेले, स्टुटगार्टमध्येच जन्मलेले आणि पेशाने चाचणी अभियंते. यंत्रातील गळती शोधण्यात त्यांचे सारे आयुष्य गेले असल्यामुळे कोणताही कागद हाती आला की, तो कुठे गळतो आहे हे ते आधी पाहतात. त्यांनी चष्मा पुसला, लाल पेन काढले आणि शीर्षकावरच थांबले. ‘आनंदी दिवाळी’ म्हणायला ‘फ्रोहे दिवाळी’ की ‘फ्रोहेस दिवाळी’? आमची दिवाळी स्त्रीलिंगी आहे. पण जर्मन भाषेत सण हा नपुंसकलिंगी असतो, आणि विशेषणाचा शेवट त्यावर ठरतो. घरातील लक्ष्मी परदेशी येताच नपुंसकलिंगी व्हावी हे मला मानवेना. शेवटी ‘दिवाळी-फेस्ट’ असा जोडशब्द करून आम्ही लिंगाची जबाबदारी फेस्टवर ढकलली.

दुसऱ्या ओळीत मी लिहिले होते की, यंदा लक्ष्मीपूजन शुक्रवारी, 1 नोव्हेंबरला आहे. सहकाऱ्यांनी शांतपणे विचारले, “खालच्या मजल्यावरील तुमचे दिल्लीचे मित्र तर गुरुवारी म्हणाले. दोघांपैकी कोणाचे बरोबर?” वास्तविक येथे मी ‘दोन्हीही’ असे म्हणून निसटायला हवे होते. परंतु अभियंत्याने प्रश्न विचारला की अभियंत्याला उत्तर द्यावेसे वाटते, हा आमच्या व्यवसायातील दोष आहे. मी सांगितले की, लक्ष्मीपूजन आश्विन अमावस्येला प्रदोषकाळी, म्हणजे सूर्यास्तानंतर करतात. यंदा भारतात अमावस्या गुरुवारी दुपारी चारच्या सुमारास लागते आणि शुक्रवारी सायंकाळी सव्वासहाच्या सुमारास संपते. म्हणजे गुरुवारी संध्याकाळी ती पूर्ण आहे आणि शुक्रवारी साताऱ्यात सूर्य मावळल्यानंतर जेमतेम दहा-पंधरा मिनिटे आहे. अमावस्या अशी दोन्ही संध्याकाळी सापडली, तर दुसरा दिवस धरावा, असे आमचे पंचांगकर्ते म्हणतात, म्हणून महाराष्ट्रात शुक्रवार. उत्तरेतील पुष्कळांनी पहिला दिवस धरला, म्हणून त्यांच्याकडे गुरुवार.

त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात काही आकडे मांडले. आदल्या रविवारीच घड्याळे एक तास मागे गेली होती, त्यामुळे भारताचे आणि आमचे अंतर साडेचार तासांचे झाले होते. “म्हणजे येथे तुमची अमावस्या शुक्रवारी दुपारी पावणेदोनला संपते,” ते म्हणाले. “आमचा सूर्य पाचच्या पुढे मावळतो. तुमच्याच नियमाप्रमाणे स्टुटगार्टमध्ये शुक्रवारी संध्याकाळी अमावस्या नाही. येथे दिवाळी गुरुवारीच आहे.”

ज्या माणसाने आयुष्यात पंचांग पाहिले नव्हते, त्याने सात मिनिटांत माझे लक्ष्मीपूजन एक दिवस अलीकडे आणले होते, आणि गणितात चूक सापडत नव्हती. मी रात्री आईला फोन केला. तिने सर्व ऐकून घेतले आणि म्हणाली, “अरे, तुझा सूर्य कुठेही मावळू दे, आपल्या घरची पूजा शुक्रवारी आहे. आणि तेलाच्या आंघोळीचं पाणी चांगलं कडकडीत घे, सर्दी होईल.” दुसऱ्या दिवशी मी हा निर्णय कळवला, तेव्हा सहकाऱ्यांनी मसुद्याच्या समासात ‘अपवाद: आई’ अशी नोंद केली आणि पुढच्या ओळीकडे वळले.

पुढची ओळ मला सर्वांत सुरक्षित वाटत होती. दिवाळी हा दिव्यांचा सण आहे, असे तिच्यात म्हटले होते आणि सोबत अंधारात उजळलेल्या पणत्यांच्या रांगेचे छायाचित्र जोडले होते. सहकारी त्या छायाचित्राकडे बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी अत्यंत हळुवार आवाजात, जणू माझ्याच घरी काही दुःखद घडले आहे अशा रीतीने समजावले की, 1 नोव्हेंबर हा येथे ‘आलरहायलिगन’, म्हणजे सर्व संतांचा दिवस आहे. त्या दिवशी लोक दफनभूमीत जातात आणि आपल्या माणसांच्या कबरींवर लहान लहान दिवे लावतात. अंधारात उजळलेल्या दिव्यांची रांग त्या आठवड्यात कोणी पाठवली, तर वाचणारा प्रथम कोण गेले हे विचारील. शिवाय आमच्या राज्यात ही सुटी ‘शांत सुटी’ मानली जाते आणि त्या दिवशी सार्वजनिक नाचगाण्यांवरही बंधन असते.

मी पणत्या काढून टाकल्या आणि आकाशकंदील लावला. “सुंदर आहे,” ते म्हणाले, “पण 11 नोव्हेंबरला सांक्ट मार्टिन या संताचा दिवस. बालवाडीतील मुले कागदी कंदील घेऊन गाणी म्हणत मिरवणुकीने जातात. लोकांना वाटेल, तुम्ही मुलांच्या मिरवणुकीचे आमंत्रण दहा दिवस आधी पाठवले.” मग निदान ‘लिख्टरफेस्ट’, दिव्यांचा उत्सव, एवढा शब्द तरी राहू द्यावा, अशी मी विनंती केली. त्यावर कळले की, स्टुटगार्टमध्ये लिख्टरफेस्ट म्हणजे जुलै महिन्यात किलेसबर्गच्या बागेत होणारा उत्सव. आणि तो संपून तीन महिने झाले आहेत. थोडक्यात, त्या गावातील उजेड माझ्या येण्यापूर्वीच वाटला गेला होता. एक हिस्सा मृतांना, एक मुलांना आणि उरलेला नगरपालिकेच्या बागेला.

मी नरकासुराकडे वळलो. चतुर्दशीला पहाटे उठून आम्ही उटणे लावून अभ्यंगस्नान करतो आणि पायाच्या अंगठ्याने कारीट नावाचे कडू फळ चिरडतो, कारण श्रीकृष्णाने त्या दिवशी नरकासुराला मारले, असे मी लिहिले होते. ‘नरक’ या शब्दाचे भाषांतर शब्दकोशाने प्रामाणिकपणे केल्यामुळे ते वाक्य ‘पहाटे आम्ही न्हाणीघरात नरकातील राक्षसाला पायाखाली चिरडतो’ असे झाले होते. सहकाऱ्यांनी त्यावर काहीच खूण केली नाही. फक्त पुढच्या परिच्छेदाशी ताडून पाहा, असे म्हणाले. पुढचा परिच्छेद फराळाचा होता. माझ्या पत्नीने चार डबे चकल्या केल्या होत्या, आणि आमच्या कचेरीत घरचा पदार्थ ठेवायचा तर त्यातील घटक लिहून ठेवण्याची चांगली पद्धत आहे. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, मूग, धने, जिरे, तीळ: सर्व सुरळीत चालले होते. विभागातील एका बाईंना गव्हाचा त्रास असल्याने ‘गहू नाही’ असेही मी अभिमानाने लिहिले. मग हिंगाशी आलो. हिंगाला जर्मन भाषेत ‘टॉयफल्सड्रेक’ म्हणतात, म्हणजे सैतानाची विष्ठा. हा शब्द माझा नव्हे, त्यांचाच आहे, तरी पत्र एकूण असे दिसू लागले की, आम्ही पहाटे नरकातील राक्षसाला मारतो आणि न्याहारीला सैतानाची विष्ठा खातो.

शब्द बदलता आला असता. परंतु हिंगाच्या डबीवरील बारीक अक्षरे वाचल्यावर त्याहून मोठी गोष्ट समोर आली. बाजारातील बांधानी हिंग शुद्ध नसतो. त्यात हिंगाचा अंश थोडा आणि पिठाचा व डिंकाचा भाग मोठा असतो, आणि आमच्या डबीत ते पीठ गव्हाचे होते. चार डब्यांमधील चिमूटभर हिंगाने ‘गहू नाही’ हे वाक्य खोटे ठरवले होते. मी त्या बाईंना स्वतः जाऊन सांगितले, त्यांच्यासाठी रव्याचे लाडू देऊ केले, आणि रवाही गव्हाचाच असतो हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळले. शेवटी बेसनाच्या लाडवांवर तडजोड झाली. नाताळापूर्वी येथील घरोघरी डबे भरभरून बिस्किटे भाजतात आणि एकमेकांना वाटतात. फराळ म्हणजे तेच, ही एक ओळ मात्र पहिल्या झटक्यात मंजूर झाली. दिवाळीला ‘भारतीय नाताळ’ म्हणणे मला कधीच पटलेले नाही, पण फराळाच्या बाबतीत ही तुलना खरी आहे. दोन्हीकडे ते करणाऱ्यांचे हात सारखेच दुखतात.

बुधवारी संध्याकाळी माझ्याजवळ चार ओळी उरल्या होत्या आणि एकही चित्र नव्हते. कंटाळून मी सहज म्हणालो की, खरे तर आमच्या घरी त्या रात्री नव्या केरसुणीचीही पूजा होते. सहकाऱ्यांनी पेन खाली ठेवले.

“झाडूची?”

मी सांगितले की, शिंदीच्या पानांची नवी केरसुणी आणतात, तिला लक्ष्मी मानून हळदकुंकू वाहतात आणि मगच ती वापरायला काढतात. एरवीही तिला पाय लागला तर नमस्कार करतात. तीन दिवसांत पहिल्यांदाच ते प्रश्न न विचारता ऐकत होते. स्टुटगार्टच्या भागातील श्वाबी लोकांची ‘केरवोख’, म्हणजे झाडण्याची पाळी, मला चांगली ठाऊक होती. आमच्या इमारतीत दर तिसऱ्या आठवड्याला माझ्या दारावर तिची पाटी येऊन लटकते आणि जिना झाडून होईपर्यंत शेजाऱ्यांच्या नजरेला नजर देता येत नाही. घाण दर आठवड्याला बाहेर नेण्याची आज्ञा 1492 सालच्या स्टुटगार्टच्या नगरनियमांत आहे, असे त्यांनी मला सांगितले, आणि ते सांगताना त्यांचा आवाज आरती म्हणावी तसा झाला होता.

“पाचशे वर्षे आम्ही झाडतो आहोत,” ते म्हणाले, “पण झाडूला कुंकू लावावे, हे कोणाला सुचले नाही.”

त्या भरात मी हेही सांगून टाकले की, काही घरांत मध्यरात्री केर काढून आणि सूप वाजवून अलक्ष्मीला घराबाहेर घालवतात. येथे मात्र त्यांच्यातील परीक्षक जागा झाला. रात्री दहानंतर इमारतीत आवाज करायचा नसतो, त्यातून दिवस शांत सुटीचा. “ती बाई दहाच्या आत जाऊ शकणार नाही का?” असे त्यांनी विचारले. मी ते वाक्य गाळले.

गुरुवारी पावणेबाराला पत्र गेले. त्यात दिवाळीचा एक दिवस होता, एक अपवाद होता, फराळाची तुलना होती, घटकांची यादी जोडलेली होती आणि चित्र केरसुणीचे होते. नरकासुर जागेअभावी वाचला.

सोमवारी सकाळी चहाच्या खोलीत गेलो, तेव्हा चारही डबे रिकामे होते आणि धुऊन, पुसून, झाकणे शेजारी लावून ठेवले होते. कोपऱ्यात कचेरीचा लांब दांड्याचा झाडू भिंतीला टेकवून उभा होता आणि त्याच्यापुढे बॅटरीवर चालणारी एक लहानशी मेणबत्ती मिणमिणत होती. शेजारी ओळखीच्या अक्षरांत चिठ्ठी होती: ‘उघडी ज्योत मनाई आहे. कुंकू कोठे लावायचे, दांड्याला की केसांना?’